वीसपैकी वीस

आमच्या प्राचार्यांना परिषदेला पाठवू नये, असं माझं जुनं मत आहे. माणूस जाताना बरा असतो, येताना कल्पना घेऊन येतो. एकदा गेले आणि परत येऊन सगळ्या वर्गांतली बाकं गोलाकार मांडून घेतली. निम्म्या मुलांची पाठ फळ्याकडे झाली. या वर्षी गेले ते 'रोज वीस मिनिटं' घेऊन आले.

कल्पना वाईट नव्हती, हीच पंचाईत. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांना नोकऱ्या द्यायला एकच मोठी कंपनी येते आणि तिची पहिली चाळणी म्हणजे ॲप्टिट्यूड आणि लॉजिकल रीझनिंगची परीक्षा. टक्केवारी, काळ-काम-वेग, नातेसंबंध, दिशा, गोल टेबलाभोवती कोण कोणाच्या डावीकडे बसलंय. पाहायला गेलं तर शाळेतलंच गणित, पण डोक्यावर घड्याळ लटकवून. गेल्या वर्षी आमची मुलं या चाळणीतच गळली. चार वर्षं यंत्रं, सर्किटं, प्रोग्रॅम शिकली आणि फाटकातूनच माघारी आली.

मी गणित शिकवते. त्यामुळे गणिताचा 'ग' असलेलं काहीही आलं की ते माझ्या गळ्यात पडतं. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, रोज वीस मिनिटं. योजना तुम्ही आखा."

मी मनापासून आखली. पंधरा मिनिटांत पंधरा नवे प्रश्न, सगळ्या प्रकारचे मिसळून, घड्याळ लावून. जो प्रश्न मिनिटभरात हलत नाही तो सोडायचा आणि पुढे जायचं. उरलेली पाच मिनिटं चुकांसाठी. चुकीच्या प्रत्येक उत्तरासमोर कारण लिहायचं: 'कळलं नाही', 'नीट वाचलं नाही' किंवा 'हिशेबात घसरलं'. दोन दिवसांनी तेच चुकलेले प्रश्न आकडे बदलून पुन्हा. मार्क कोणालाही दाखवायचे नाहीत.

प्राचार्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"चुकांना पाच मिनिटं? म्हणजे चुकांना उत्तेजनच की."

"सर, शिकणं तिथंच होतं."

"आणि मार्क दाखवायचे नाहीत तर बोर्डावर लावायचं काय?"

बोर्ड कसला, ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. मुख्य इमारतीच्या जिन्यासमोर दारभर उंचीचा टीव्ही बसला. त्याच्यावर प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव, आजचे मार्क वीसपैकी, विभागाची सरासरी आणि नावापुढे छोटीशी ज्योत. रोज सराव केला की ज्योत मोठी होते, एक दिवस चुकला की विझते. वर संध्याकाळी पालकांच्या फोनवर मेसेज: 'आपल्या पाल्याचे आजचे गुण.' हे सगळं एका कुठल्याशा विक्रेत्याकडून घेतलं होतं. त्यानं पाच हजार प्रश्न असल्याचं सांगितलं होतं. प्राचार्यांनी ते मोजले नाहीत. मोजायचे असतात ते मार्क, अशी त्यांची श्रद्धा.

आता या सगळ्यात माझं घरचं माणूस अडकलेलं होतं. माझी भाची, दादाची मुलगी, आमच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला आणि राहायला माझ्याकडे. लहानपणापासून तिला काहीही साठवायची सवय, म्हणून घरात तिला 'खार' म्हणतात. आधी बाटल्यांची झाकणं साठवायची, आता पीडीएफ. 'ॲप्टिट्यूडचे हजार प्रश्न', 'शॉर्टकटचा खजिना', 'तीस दिवसांत यश' असं काय काय तिच्या फोनमध्ये पडून होतं. उघडलेलं एकही नव्हतं. खारीनं दाणे पुरावेत आणि जागा विसरावी, तसला प्रकार.

दादाचं आमच्या गावी टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचं दुकान आहे. पोरीनं नोकरी करावी असं त्याला मनातून कधी वाटलं नाही, पण तो अडाणी नाही, म्हणून सरळ नाही म्हणत नाही. अटी घालतो. त्यानं अट घातली होती: कॉलेजातून कंपनीनं उचललं तर जा, नाहीतर घरी ये आणि काउंटर सांभाळ. "कमोड विकायला कुठलं आलंय ॲप्टिट्यूड!" असं तो हसत हसत म्हणायचा. खार हसायची नाही. तिला स्वतःचं शहर, स्वतःची खोली, स्वतःचं काम हवं होतं, आणि ते तिला कमोडच्या मागून दिसत नव्हतं. कंपनी एकच, संधी एकच. माझ्या घरात तिच्याइतकीच धास्ती मलाही होती, फक्त मी ती भांडी आपटून व्यक्त करायचे.

पहिल्या आठवड्यात बोर्डावर सगळीकडे सात, आठ, नऊ. प्राचार्य जिन्यासमोर उभे राहायचे, ताप मोजावा तसे. विभागप्रमुखांच्या बैठका झाल्या. मेकॅनिकलवाल्यांनी कॉम्प्युटरवाल्यांवर आरोप केले, कॉम्प्युटरवाल्यांनी नेटवर्कवर. आणि मग चमत्कार झाला. मार्क चढायला लागले. बारा, पंधरा, अठरा. महिना संपायच्या आत बोर्ड विसांनी भरून गेला. एका मुलाला तर रोज वीसच पडायचे, त्यामुळे त्याचं नावच 'विसू' पडलं. त्याची ज्योत इतकी मोठी झाली होती की खालच्या मुलाचं नाव झाकलं जायचं. तो जिन्यावरून उतरताना ज्युनिअर मुलं बाजूला व्हायची.

आमच्या खारीचेही वीस. रोज. दादाचा फोन यायचा तो वेगळ्याच आवाजात. "अगं, वीसपैकी वीस! इथं दुकानात गिऱ्हाइकांना दाखवतो मी." थोडा खट्टू, थोडा फुशारलेला. बापाचं मन म्हणजे एक कोडंच, आणि त्याला पर्यायही दिलेले नसतात.

मीही खूश होते. मग एका सकाळी खार नाश्त्याला बसली. डाव्या हातात ऑम्लेट गुंडाळलेला ब्रेड, उजव्या अंगठ्यानं फोनवर टकटक. माझा चहा गाळून होईपर्यंत तिनं फोन खाली ठेवला.

"झालं?"

"झालं. वीस."

"वीस मिनिटांचं काम चहा गाळण्यात?"

"सराव झालाय ना आत्या," ती म्हणाली. आणि तोंडातला घास नसता तर मी तिथंच गप्प बसले असते. पण तोंडात घास घेऊन कोणी फुशारकी मारली की माझ्यातली मास्तरीण जागी होते.

मी म्हटलं, "ऐक. दीडशे मीटर लांबीची आगगाडी ताशी चोपन्न किलोमीटर वेगानं..."

"तीस सेकंद."

"अगं, मी अजून विचारलंच नाही."

"तीनशे मीटरचा प्लॅटफॉर्म ओलांडायला. तीस."

"मी विचारणार होते, खांब ओलांडायला किती वेळ."

ती घास चावायची थांबली. "खांब?"

"खांब. प्लॅटफॉर्म काढून नेला. ताशी चोपन्न म्हणजे सेकंदाला किती मीटर?"

तिला येईना. पोरीला वेगाचं रूपांतर येईना! सेकंदाला पंधरा मीटर, दीडशे मीटरची गाडी, खांबापाशी दहा सेकंद, बस. पण तिच्या डोक्यात गाडी नव्हती, वेग नव्हता, फक्त 'चोपन्न म्हटलं की तीस' एवढंच होतं. मी दुसरा विचारला, तिसरा विचारला. बोर्डावरचेच प्रश्न, शेपूट तेवढं बदललेलं. ती चवताळली.

"आत्या, तू प्रश्न बदलतेयस! हे चीटिंग आहे!"

मग सगळं बाहेर आलं. पाच हजार प्रश्न वगैरे काही नव्हतं. थोडेच संच होते आणि ते आलटून पालटून तेच यायचे. शिवाय एकच संच कितीही वेळा सोडवता यायचा आणि बोर्डावर सगळ्यात चांगले मार्क लागायचे. मुलांनी आधी उत्तरं पाठ केली, मग उत्तरांच्या यादीला चाल लावली. कोणी आजारी पडलं तर मित्र त्याची ज्योत पेटती ठेवायचा. अख्खं कॉलेज रोज न चुकता सराव करत होतं, फक्त गणित सोडून बाकी सगळ्याचा.

मी तिला कोऱ्या कागदावर माझे वीस नवे प्रश्न दिले आणि समोर घड्याळ ठेवलं. तिला सहा पडले. एका प्रश्नात होतं, 'ती माझ्या वडिलांच्या वडिलांची एकुलती एक मुलगी आहे, तर ती माझी कोण?' स्वतःच्या आत्यासमोर बसून पोरीनं उत्तर लिहिलं: मावशी.

एरवी मी हसले असते. पण ती कागदाकडे बघत रडायला लागली. परीक्षा जेमतेम महिन्यावर होती. "सहा," ती म्हणत होती, "आत्या, मला सहा येतात. आणि बाबा गिऱ्हाइकांना वीस दाखवतायत."

मी तशीच कॉलेजात गेले. प्राचार्यांना सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "मॅडम, मुलं प्रगती करतायत आणि तुम्हाला त्याचा त्रास होतोय?" मग मी माझ्या पद्धतीनं गेले. योजना माझ्या नावावर होती आणि बोर्डाचा पासवर्डही माझ्याकडे होता, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी जुना संच काढून मी माझे वीस नवे प्रश्न चढवले. कठीण नव्हते. तेच सगळं, आकडे आणि शेवट वेगळे.

दुपारपर्यंत बोर्डाची सरासरी सातावर आली. विसूला पाच. मेकॅनिकलचे विभागप्रमुख माझ्या खोलीत आले ते खुर्ची न ओढताच बोलायला लागले. कॉम्प्युटरचे त्यांच्या मागोमाग. आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालेलं मी पाहिलं, आणि ते माझ्याविरुद्ध होतं. विसूच्या पुढाकारानं मुलांनी अर्ज दिला: 'आजचे प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे होते.'

"कुठला अभ्यासक्रम रे?" मी त्याला विचारलं.

"मॅडम, रोजचा," तो अगदी निरागसपणे म्हणाला.

"अरे, कंपनी तुला रोजचे प्रश्न देणार आहे का? हे कर. माझ्याकडे रोज सकाळी ये, बोर्डाबिर्डाचं नाव नको, कागदावर सोडवू."

त्यानं क्षणभर विचार केला. बिचाऱ्याला पटलंही असावं. मग म्हणाला, "नको मॅडम. कॉन्फिडन्स जाईल."

संध्याकाळी प्राचार्यांनी त्या दिवसाचे गुण 'तांत्रिक बिघाड' म्हणून रद्द केले, जुने संच परत बसवले आणि योजनेची किल्ली माझ्या हातातून काढून घेऊन प्रयोगशाळेच्या साहाय्यकाकडे दिली. मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "तुम्ही तत्त्वाचं माणूस आहात. पण बाहेरचे लोक येतात, बोर्ड बघतात." तत्त्वाचं माणूस आमच्याकडे लाकडाच्या वखारीत खपेल, कॉलेजात नाही.

घरी आले तर खारीनं टेबल साफ करून ठेवलेलं. पीडीएफ सगळ्या पुसून टाकलेल्या. म्हणाली, "आत्या, उद्यापासून तुझी वीस मिनिटं. बोर्ड गेला खड्ड्यात."

आणि तिनं खरंच सुरू केलं. रोज सकाळी, चहाच्या आधी. पंधरा प्रश्न, पाच मिनिटं चुका. सुरुवातीला सगळ्यात अवघड गेलं ते सोडून देणं. गोल टेबलाचा प्रश्न आला की ती त्या आठ माणसांना बसवत बसायची, जणू काय तिच्याच घरचं जेवण आहे आणि कोणी उपाशी राहील. मी घड्याळावर टिचकी मारायचे. "सोड त्यांना, उभे राहू देत." ती चिडायची. आणि चुकांपुढची कारणं लिहायला लागली तेव्हा एक मजेशीर गोष्ट निघाली: 'कळलं नाही' फारच थोडे. बहुतेक ठिकाणी 'नीट वाचलं नाही'. महिनाभर पहिली ओळ पाहून उत्तर टिपायची सवय लागली होती. शेवटची ओळ डोळ्यांना दिसतच नव्हती. मग तिनं नियम केला, आधी शेवटची ओळ वाचायची, काय विचारलंय ते बघायचं, मग वरची गोष्ट.

पहिले तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी एकदमच दोन संकटं आली. बोर्डावर तिची ज्योत विझली होती, आणि दादाला मेसेज गेला होता: 'आपल्या पाल्याने तीन दिवस सराव केलेला नाही.' दादानं फोन करून तो मेसेज मला वाचून दाखवला, प्रत्येक शब्द सुटा करून.

"तिचं मन नाही लागत, असंच ना? मग उगाच कशाला? मी येतो रविवारी. सामान बांधून ठेवा."

"दादा, अरे ती अभ्यास करतेय. जास्त करतेय."

"मग मेसेज खोटा?"

आता सांगायचं काय? मेसेज खरा आणि त्याआधीचे सगळे खोटे? वीस खोटे होते आणि खरे सहा? मी तोंड उघडलं आणि खारीनं समोरून जोरजोरात मान हलवली. मी म्हटलं, "नेटचा घोळ आहे. होईल ठीक." जन्मभर मुलांना 'पायऱ्या दाखवा' म्हणणारी मी, पायऱ्या गिळून बसले.

दुसरं संकट नोटीसबोर्डावर होतं. प्राचार्यांनी फर्मान काढलं होतं की ज्यांची ज्योत पेटती नाही किंवा पंधरवड्याची सरासरी सोळाच्या खाली आहे, त्यांना कंपनीच्या परीक्षेला बसू देणार नाही. का? कमी मुलं बसली की निवडीची टक्केवारी छान दिसते. म्हणजे परीक्षेची खरी तयारी करणारी परीक्षेबाहेर, आणि पाठ केलेली उत्तरं म्हणणारी आत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी परत प्राचार्यांकडे निघाले होते, पण खारीनं मला जिन्यातच अडवलं. कॉलेजात ती मला मॅडम म्हणते आणि फार सभ्य वागते.

"मॅडम, राहू द्या. मी दोन्ही करीन."

"काय दोन्ही?"

"चहा गाळेपर्यंत बोर्डाचे वीस. ते बाबांना आणि सरांना. आणि नंतर माझी वीस मिनिटं. ती मला."

मला ते आवडलं नाही. आजही आवडत नाही. पण पोरगी बरोबर बोलत होती. त्या दिवसापासून आमच्या घरात रोज दोन सराव व्हायचे, एक खोटा आणि एक खरा, आणि दोघांच्या मध्ये चहा. ज्योत पुन्हा पेटली. दादाचा रविवार टळला. कागदावरचे मार्क मात्र मुंगीच्या पावलांनी चालले होते. सात. नऊ. मध्येच पुन्हा सात. मग अकरा, बारा. शेवटच्या दिवसांत पंधरातले बारा-तेरा घड्याळात बसायला लागले आणि उरलेले सोडताना ती चिडायची बंद झाली.

परीक्षेच्या दिवशी कॉम्प्युटर लॅबच्या बाहेर मी उभी होते. आत कंपनीची माणसं. नियम त्यांनी दारातच सांगितले: प्रत्येक भागाला वेगळा वेळ, प्रत्येक भागात किमान गुण हवेतच, मागच्या प्रश्नावर परत जाता येणार नाही आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. हे मुलांना नवं नव्हतं, मी वर्गात दहादा सांगितलं होतं. पण बोर्डावर चुकीला काही वजा होत नसे, म्हणून कोणाच्या कानात शिरलं नव्हतं.

शेवटचा भाग सुरू होतो न होतो तोच दार उघडायला लागलं. पहिला बाहेर आला विसू. चेहरा उजळलेला. "मॅडम, अर्धेअधिक आपलेच होते!" त्याच्या मागोमाग आणखी, आणखी. जिन्याजवळ टाळ्या दिल्या-घेतल्या जात होत्या. प्राचार्य खाली आले आणि त्यांनी मुलांचे खांदे थोपटले. खारीचा पत्ता नव्हता. वेळ संपल्यावर शेवटच्या घोळक्यात ती आली, डोळ्यांखाली थकलेली.

"किती?"

"सोडले बरेच," ती म्हणाली. "गोल टेबलवाले तर उभेच ठेवले."

संध्याकाळी यादी लागली. पुढच्या फेरीला गेलेल्यांची यादी एवढी छोटी होती की वाचायला वाकावं लागत नव्हतं. तिच्यात खार होती. विसू नव्हता.

तो मला स्टाफरूमच्या दाराशी भेटला. रडत नव्हता, गोंधळलेला होता. "मॅडम, आगगाडी तीच होती हो. दीडशे मीटर, ताशी चोपन्न. चाळीस सेकंदांत प्लॅटफॉर्म ओलांडते, तर प्लॅटफॉर्मची लांबी किती. पर्यायात तीनशे होतं. मी लगेच लावलं. प्लॅटफॉर्म तीनशेचाच असतो ना, पाठ होतं मला."

चाळीस सेकंदांत सहाशे मीटर, त्यातून गाडीचे दीडशे गेले, साडेचारशे. मी त्याला ते सांगितलं नाही. इतका गुणी मुलगा, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला तीनशे मीटरचा प्लॅटफॉर्म पाठ करायला लावला होता. मला त्याची फार दया आली आणि आमची फार चीड. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या घरी सकाळी यायला लागला. पहिल्या कागदावर पाच पडले. कॉन्फिडन्स आधीच गेलेला असल्यामुळे आता जायला काही उरलं नव्हतं.

खारीच्या पुढच्या फेऱ्या झाल्या, मुलाखत झाली, आणि तिला नोकरी लागली. घरात मी काय काय केलं ते सांगत नाही. मी गणिताची बाई आहे, मला शोभत नाही.

प्राचार्यांनी सभागृहात सत्कार ठेवला. पालकांना बोलावलं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. प्राचार्य म्हणाले की हे 'रोज वीस मिनिटं' योजनेचं यश आहे, आणि निवड झालेल्या प्रत्येकाला बोर्डावर वीसपैकी वीस होते. हे अगदी खरं होतं. निवड न झालेल्यांनाही होते, ते त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या जिन्यासमोरही बोर्ड लागणार होता. मग त्यांनी खारीला माईक दिला. "ज्युनिअर्सना सांग, रोज वीस कसे पाडलेस."

खारीनं माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. मला वाटलं, ही आता काहीतरी गोड बोलून खाली येईल. मी असते तर आले असते.

"बोर्डावर वीस पडायचे, कारण उत्तरं पाठ होती," ती म्हणाली. "सगळ्यांचीच होती. घरी आत्यानं खरे प्रश्न दिले तेव्हा पहिल्या दिवशी वीसपैकी सहा पडले. कंपनीच्या पेपरातही बरेच सोडले. जे सोडले नाहीत, तेवढे मात्र नीट वाचून सोडवले."

मागच्या बाकांवर कोणीतरी फिस्सकन हसलं. मी प्राचार्यांचा चेहरा पाहत होते. त्यावर ढग आला, क्षणभर थांबला आणि निघून गेला. त्यांनी माईक घेतला आणि टाळ्या वाजवायला लागले.

"ऐकलंत? सहावरून वीसवर! हीच आपल्या योजनेची ताकद!"

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. असा माणूस बुडत्या होडीतही पाण्याची वाढती पातळी प्रगती म्हणून मोजेल.

बाहेर जिन्यासमोर दादा बोर्डाकडे पाहत उभा होता. खारीचं नाव अजून होतं, ज्योतीसकट. आम्ही दोघी जवळ गेलो. तो वळला नाही.

"सहा?" त्यानं विचारलं.

"हो, बाबा."

"आणि मला रोज वीस यायचे. ते गिऱ्हाइकांना दाखवायचो मी."

"हो."

मी मध्ये पडायला गेले, पण दादानं हात वर केला. तो रागावला असेल असं मला वाटलं होतं. रागावलेला नव्हता. तो बोर्डावरची नावं वाचत राहिला आणि मग खाली बघून, दुकानात स्वतःच्याच मालातली खोट सांगावी तसं, हळू आवाजात म्हणाला,

"सहाचा मेसेज आला असता ना, तर मी दुसऱ्याच दिवशी येऊन तुला घरी नेलं असतं."

"माहीत होतं, बाबा," खार म्हणाली. "म्हणून तर वीसचा पाठवत होते."